स्वॉट तक्त्यातला मुद्दा आणि त्यापुढची स्लाइड जुळत नाही: कारणं आणि दुरुस्ती

स्पर्धक विश्लेषणाच्या डेकमधून स्वॉट तक्ता काढायचा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे स्लाइड क्रमांक द्यायचा, या कामात तक्ता लवकर उभा राहतो. अडचण बैठकीत येते. कुणीतरी विचारतं, "हे कुठे दिलंय?" आपण 14 म्हणतो, 14 उघडली जाते आणि तिथे तो मुद्दा नसतो. किंवा असतो, पण आपण लिहिला तेवढा ठाम नसतो. मग बाकीच्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. क्रमांक दुरुस्त करून तक्ता परत पाठवला, तरी डेकची पुढची आवृत्ती आली की पुन्हा तेच.

हा त्रास वरवर एकच वाटतो, पण त्यामागे तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. कारण ओळखणं सोपं आहे. ज्या मुद्द्यावर वाद झाला त्याची स्लाइड उघडा. स्लाइडचा विषयच भलता असेल, म्हणजे मुद्दा सपोर्टचा आणि स्लाइड वितरकांची, तर क्रमांक सरकलेत. विषय तोच आहे पण स्लाइड जेवढं म्हणते त्याहून आपलं वाक्य मोठं झालंय, तर पुरावा कमी पडतोय. आणि वाक्य स्लाइडवर जसंच्या तसं आहे, तरी ते संधीत टाकायचं की सामर्थ्यात यावर भांडण होतंय, तर मुद्दा कुणाच्या बाजूने लिहिलाय हेच ठरलेलं नाही.

क्रमांक सरकले असतील तर

हे तांत्रिक आहे, त्यामुळे आधी उरकून घेऊ. पॉवरपॉइंटमध्ये एकाच स्लाइडला तीन वेगवेगळे आकडे असू शकतात. पहिला तिचा क्रम, म्हणजे डावीकडच्या पट्टीत ती कितवी आहे तो. दुसरा छापलेला क्रमांक, जो स्लाइडच्या कोपऱ्यात दिसतो. `Slide Size` च्या खिडकीत `Number slides from` नावाचा रकाना असतो. तिथे 0 घातलेलं असेल तर शीर्षकाची स्लाइड शून्य होते आणि पुढच्या प्रत्येक स्लाइडचा छापलेला क्रमांक क्रमापेक्षा एकने कमी येतो. तिसरा आकडा पीडीएफच्या पानाचा. लपवलेल्या स्लाइड पॉवरपॉइंटच्या मोजणीत धरल्या जातात, पण पीडीएफ करताना त्या वगळल्या तर पानं मागे सरकतात. डेकमध्ये 8 आणि 13 या स्लाइड लपवलेल्या असतील, तर क्रमाने 14 वी असलेली स्लाइड पीडीएफच्या 12 व्या पानावर सापडते. तक्ता करणारा पॉवरपॉइंट बघून लिहितो, वाचणारा पीडीएफ उघडतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

सारखीच चूक सारख्याच अंतराने येत असेल, म्हणजे सगळे क्रमांक एकने किंवा दोनने चुकत असतील, तर कारण वरच्यापैकीच आहे. अंतर मध्येच बदलत असेल, म्हणजे 7 पर्यंत सगळं बरोबर आणि पुढे एकाचा फरक, तर त्या जागी एक स्लाइड घुसली आहे, निघाली आहे किंवा लपवली गेली आहे.

कायमचा उपाय म्हणजे तक्त्यात क्रमांकाच्या जोडीला स्लाइडचा आयडी ठेवायचा. पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइडला आतून एक आयडी देतो. स्लाइड वर-खाली हलवली तरी तो बदलत नाही. स्लाइडची प्रत काढली तर प्रतीला नवा मिळतो. हा आयडी पडद्यावर कुठे दिसत नाही, पण छोट्या मॅक्रोने यादी काढता येते. विंडोजवर `Alt+F11` दाबून संपादक उघडा, नवं मोड्यूल घाला, हे चिकटवा आणि चालवा:

```vba
Sub SlideYadi()
  Dim s As Slide
  For Each s In ActivePresentation.Slides
    Debug.Print s.SlideIndex & "," & s.SlideNumber & "," & _
      s.SlideID & "," & s.SlideShowTransition.Hidden
  Next s
End Sub
```

`Ctrl+G` ने उघडणाऱ्या खिडकीत प्रत्येक स्लाइडची एक ओळ येते: क्रम, छापलेला क्रमांक, आयडी आणि लपवलेली आहे का. शेवटच्या जागी -1 असेल तर लपवलेली, 0 असेल तर उघडी. स्लाइडचं शीर्षक मी मुद्दाम घेतलेलं नाही, कारण त्या खिडकीत देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ही यादी एक्सेलमध्ये `Yadi` नावाच्या शीटवर चिकटवून `Text to Columns` ने चार स्तंभांत फोडा. स्वॉटच्या शीटवर F स्तंभात आयडी असेल, तर आजचा छापलेला क्रमांक असा मिळतो:

```
=INDEX(Yadi!B:B,MATCH(F2,Yadi!C:C,0))
```

नवी आवृत्ती आली की फक्त यादी पुन्हा काढून चिकटवायची, सगळे क्रमांक आपोआप बदलतात. एखाद्या ओळीत `#N/A` आलं तर घाबरू नका, तेच सगळ्यात उपयोगी उत्तर आहे: ज्या स्लाइडवर हा मुद्दा उभा होता ती डेकमधून गेली. गूगल स्लाइड्समध्ये मॅक्रोची गरज नाही. स्लाइड निवडली की पत्त्याच्या शेवटी `#slide=id.` असं येतं आणि त्यापुढचा भाग हाच आयडी. तो पूर्ण दुवाच तक्त्यात ठेवा, क्लिक केलं की थेट तीच स्लाइड उघडते.

या उपायाच्या दोन मर्यादा आहेत. कुणी सगळ्या स्लाइड उचलून नव्या फाइलमध्ये चिकटवल्या तर आयडी नवे मिळू शकतात. म्हणून डेकची मूळ फाइल पुढे न्यायची, नवी सुरू करायची नाही, एवढं डेक करणाऱ्याशी आधी ठरवून घ्या. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची: स्लाइडवरचा मजकूर बदलला तरी आयडी तोच राहतो. आयडी सांगतो की स्लाइड आहे, ती अजून तेच म्हणते की नाही हे सांगत नाही. त्यासाठी तक्त्यात "स्लाइडवरचे शब्द" असा एक स्तंभ लागतो. त्यात आपलं वाक्य लिहायचं नाही. स्लाइडवरचे चार-सहा शब्द किंवा आकडा जसाच्या तसा उतरवायचा.

पुरावा कमी पडत असेल तर

खरं दुखणं इथे आहे. बहुतेक जण चार चौकोन आखतात आणि डेक चाळत चाळत त्यात मुद्दे टाकत जातात. या पद्धतीत वाक्य आधी सुचतं आणि स्लाइड नंतर शोधली जाते. विषयाने जवळची जी स्लाइड सापडेल तिचा क्रमांक पुढे लागतो. त्यामुळे उलट्या बाजूने चाला. स्वॉटचा विचार बाजूला ठेवून प्रत्येक स्लाइड नेमकं काय सांगते ते आधी उतरवून काढा, वाटणी नंतर करा. मी याला नोंदवही म्हणतो. एका स्लाइडवर चार गोष्टी असतील तर चार ओळी, एकही नसेल तर शून्य.

एक उदाहरण घेऊन पूर्ण करतो. छोट्या व्यवसायांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर विकणारी एक कंपनी आहे, तिला "आपण" म्हणू. स्पर्धक तीन: ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’. डेक 20 स्लाइडचा. त्यातल्या आपल्या कामाच्या अशा: 2 वर सारांश, 4 वर ग्राहकगट, 6 वर ‘ख’ची ओळख, 9 वर वैशिष्ट्यांचा खुणांचा तक्ता, 11 वर किमती, 12 वर ग्राहकांच्या मुलाखती, 14 वर सपोर्टचा आलेख आणि 20 वर माहिती कशी गोळा केली ते. कुणीतरी घाईत केलेल्या पहिल्या तक्त्यात हे चार मुद्दे आहेत:

- सामर्थ्य: आपला सपोर्ट बाजारात सर्वांत जलद (स्लाइड 2, 14)
- कमकुवतपणा: आपली किंमत जास्त (स्लाइड 11)
- संधी: ‘क’चं ॲप इंटरनेटशिवाय चालत नाही (स्लाइड 9)
- धोका: ‘ख’ने किमती पाडल्या (स्लाइड 6)

चारही वाक्यं वाचायला ठीक आहेत आणि चारही स्लाइड विषयाच्याच आहेत. आता एकेक उघडून बघू.

स्लाइड 14 वर तक्रारीला पहिलं उत्तर किती वेळात मिळतं त्याचा आलेख आहे. आपण 3 तास, ‘ख’ 4 तास, ‘क’ 9 तास. ‘ग’चा स्तंभच नाही. म्हणजे "बाजारात सर्वांत जलद" हे स्लाइड म्हणतच नाही, ती तिघांतलं सांगते. खाली बारीक अक्षरात तळटीप आहे: आपला आकडा आपल्याच तक्रारींच्या नोंदींतून काढलेला, स्पर्धकांचे आकडे त्यांना चाचणी म्हणून पाठवलेल्या ईमेलवरून. दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकाच आलेखात आल्या आहेत. आपल्या ग्राहकांच्या तक्रारी कामाच्या वेळेत आल्या असतील आणि चाचणीची ईमेल संध्याकाळी गेली असतील, तर 3 आणि 4 मधला फरक तेवढ्यानेही पडू शकतो. ‘क’चे 9 तास मात्र एवढे लांब आहेत की मोजमाप थोडं चुकलं तरी दिशा बदलणार नाही. मग प्रामाणिक वाक्य असं होतं: "पहिलं उत्तर ‘क’पेक्षा बरंच लवकर, ‘ख’च्या बरोबरीला, ‘ग’ची माहिती नाही." मुद्दा लहान झाला, पण आता तो कुणी उघडून बघितला तरी टिकतो.

आणि स्लाइड 2 पुराव्यातून काढून टाकायची. सारांशाच्या स्लाइडवर "सपोर्टमध्ये आघाडी" असं लिहिलेलं असतं, पण ते डेक करणाऱ्याने 14 वरूनच काढलेलं अनुमान आहे. तिचा क्रमांक दिला की दोन पुरावे असल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात एकच असतो. सारांश, निष्कर्ष आणि शिफारशी या तीन प्रकारच्या स्लाइड मी पुरावा म्हणून कधीच धरत नाही. त्यांच्यावरचं वाक्य घ्यायचं असेल तर ते ज्या स्लाइडवरून आलं ती शोधायची. ती सापडत नसेल तर त्या वाक्याला डेकमध्ये आधारच नाही, आणि हे डेक करणाऱ्यालाही कळायला हवं.

आता स्लाइड 11. किमती निर्देशांकात दिल्या आहेत, ‘ख’चा एका वापरकर्त्याचा दर 100 धरून. आपला दर 140, आणि त्यात पाच वापरकर्ते चालतात. ‘ख’कडे प्रत्येक वाढीव वापरकर्त्यामागे 30 जास्त. घाईच्या तक्त्याने पहिली ओळ बघून "किंमत जास्त" असं लिहून टाकलं. पण हिशेब करा: दोन वापरकर्त्यांना ‘ख’ 130 ला पडतो, म्हणजे अजून स्वस्तच. तिघांना 160 होतात आणि आपण 140 लाच असतो. पाच जणांना ‘ख’ 220 ला पडतो. एकाच स्लाइडवर कमकुवतपणाही आहे आणि सामर्थ्यही, सीमारेषा तिसऱ्या वापरकर्त्यावर आहे. अशा वेळी नुसतं "स्लाइड 11" पुरत नाही, कारण दोन विरुद्ध मुद्द्यांपुढे एकच क्रमांक येतो आणि वाचणारा गोंधळतो. स्लाइडच्या आतली जागा लिहा: "11, तक्ता, ओळ 1" आणि "11, तक्ता, ओळ 3 ते 5". आलेख असेल तर कुठला स्तंभ, मजकूर असेल तर कितवा मुद्दा, तळटीप असेल तर तळटीप. वक्त्याच्या नोंदींतून काही घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण फक्त स्लाइडची पीडीएफ काढली तर त्या नोंदी दिसत नाहीत आणि वाचणारा रिकाम्या हाताने परत येतो.

यातही स्लाइड 11 एकटी कमकुवतपणा सिद्ध करत नाही. एका वापरकर्त्याला आपण महाग आहोत हे खरं, पण एकट्याने धंदा चालवणारे आपल्याकडे येतच नसतील तर फरक पडत नाही. स्लाइड 4 सांगते की नव्या ग्राहकांत निम्म्याहून जास्त तसेच आहेत. म्हणून मुद्द्याला दोन स्लाइड लागतात: 11 फरक दाखवते, 4 तो फरक कुणाला लागतो ते दाखवते. सामर्थ्य किंवा कमकुवतपणाच्या प्रत्येक मुद्द्याला मी हे दोन प्रश्न विचारतो. फरक कुठे दिसतो? तो फरक महत्त्वाचा आहे हे कुठे दिसतं? दुसऱ्याचं उत्तर डेकमध्ये बऱ्याचदा नसतं. मुद्दा ठेवायचा असेल तर त्यापुढे तसं लिहून ठेवा.

मुद्दा कुणाचा, यावर वाद असेल तर

"‘क’चं ॲप इंटरनेटशिवाय चालत नाही" हे वाक्य संधीत टाकलंय. बैठकीत एक जण म्हणेल की हे आपलं सामर्थ्य आहे, दुसरा म्हणेल संधी बरोबर आहे. दोघांनीही स्लाइड 9 वर आपला स्तंभ बघितलेला नाही. तिथे आपल्यापुढेही "नाही" आहे. ‘क’कडे नाही, ‘ख’कडे नाही, आपल्याकडेही नाही. स्पर्धकाचा दुबळेपणा आपोआप आपलं सामर्थ्य होत नाही. त्याच बाबतीत आपण बरे आहोत असं दाखवणारी जागा डेकमध्ये असेल तरच होतो. आणि सगळ्यांकडेच जे नाही, तो तुलनेत आपला कमकुवतपणाही होत नाही.

मग ती संधी आहे का? संधी होण्यासाठी बाहेर मागणी दिसायला हवी. स्लाइड 12 वर ती दिसते: 18 मुलाखतींपैकी 7 जणांनी इंटरनेट नसताना बिल करता यावं अशी मागणी केली. आता मुद्दा उभा राहतो: "इंटरनेटशिवाय बिलिंगची मागणी आहे (12), आणि ‘क’, ‘ख’ किंवा आपण, कुणीच ती भागवत नाही (9)." स्लाइड 20 बघितली तर 18 ही जण आपलेच ग्राहक आहेत, त्यामुळे ही मागणी साऱ्या बाजाराची आहे असं लिहिता येत नाही. "आपल्या ग्राहकांत मागणी" एवढंच लिहायचं आणि 20 चा उल्लेख करायचा.

खुणांच्या तक्त्याबद्दल एक गोष्ट हमखास चुकते. ‘ग’च्या स्तंभात या ओळीत काहीच नाही, चौकोन रिकामा आहे. रिकामा चौकोन म्हणजे "नाही" की "कळलं नाही"? स्लाइड 9 ची तळटीप म्हणते, रिकामं म्हणजे माहिती मिळाली नाही. म्हणून वरच्या वाक्यात ‘ग’चं नाव घातलेलं नाही. डेकमध्ये अशी तळटीप नसेल तर अंदाजाने भरू नका, डेक करणाऱ्याला एक ओळीचा निरोप पाठवा. "एकाही स्पर्धकाकडे नाही" आणि "आम्हाला कळलं नाही" यांत फार अंतर आहे, आणि स्वॉटमधले फसवे मुद्दे जास्त करून याच फटीतून आत येतात.

‘ग’ दोनदा हुकला हेही नोंदवण्यासारखं आहे. सपोर्टचा आकडा नाही, वैशिष्ट्यांची माहिती नाही. हा स्वॉटचा मुद्दा नाही, तो चारपैकी कुठल्याही चौकोनात बसत नाही. तक्त्याखाली "डेकमध्ये उत्तर नाही" असा एक भाग ठेवा आणि अशा गोष्टी तिथे लिहा. हा भाग नसला की लोक त्या गोष्टी "‘ग’ नवा आहे, धोका वाढू शकतो" अशा वाक्यांत गुंडाळून धोक्यांत ढकलतात, आणि मग त्यापुढे लावायला स्लाइड सापडत नाही.

आत-बाहेरचा प्रश्न सोडवायला मी एकच कसोटी वापरतो. उद्या आपण बाजारात नसलो, तरी हा मुद्दा बाजारात खरा राहील का? राहणार असेल तर तो बाहेरचा, म्हणजे संधी किंवा धोका. आपली किंमत हा आपल्या हातातला निर्णय आहे, म्हणून तो आतला. ‘ख’ने काय केलं ते बाहेरचं.

दोन स्लाइड एकमेकींशी जुळत नसतील तर

चौथा मुद्दा, "‘ख’ने किमती पाडल्या", इथे आणखी एक गाठ आहे. स्लाइड 6 नीट वाचली तर किंमत पाडल्याचं कुठेच नाही. ‘ख’ने एका वापरकर्त्यासाठी, महिन्याला 50 बिलांपर्यंत, फुकट योजना सुरू केली असं आहे, आणि खाली तारीख मार्चची. स्लाइड 11 वरच्या किमती जानेवारीच्या आहेत. म्हणजे 11 वर ‘ख’चा 100 हा दर दिसतो तेव्हा फुकट योजना नव्हतीच. वर आपण 11 वरून काढलेला कमकुवतपणा आता अर्धवट ठरतो: एका वापरकर्त्याला आपण 140 विरुद्ध 100 नाही, लहान धंद्यासाठी 140 विरुद्ध शून्य आहोत.

अशा वेळी नव्या तारखेची स्लाइड ठेवून जुनी गुपचूप सोडून देणं चूक, कारण 11 दुसऱ्या मुद्द्याला लागतेच. दोन्ही क्रमांक द्या आणि तारखा वाक्यात लिहा. यासाठी नोंदवहीत "माहिती कधीची" हा स्तंभ पहिल्यापासून ठेवा. डेक एका दिवशी पूर्ण होतो, पण त्यातली माहिती वेगवेगळ्या महिन्यांची असते, आणि हे स्लाइडच्या तळटीपा वाचल्याशिवाय कळत नाही. किमतींच्या स्लाइड बऱ्याचदा कुठल्या तरी संकेतस्थळाचं चित्र चिकटवून केलेल्या असतात. चित्रातला मजकूर `Ctrl+F` ला सापडत नाही, तो डोळ्यांनीच वाचावा लागतो. तारीखही बऱ्याच वेळा त्या चित्राच्याच कोपऱ्यात असते.

हे सगळं करून तक्ता असा होतो. आयडीचा स्तंभ आणि स्लाइडवरचे शब्द जागेअभावी इथे घेतले नाहीत, प्रत्यक्षात ते असतातच.

| चौकोन | मुद्दा | स्लाइड आणि जागा | प्रकार |
|---|---|---|---|
| सामर्थ्य | तीन ते पाच वापरकर्ते असतील तर आपण ‘ख’पेक्षा स्वस्त (जानेवारीचे दर) | 11, तक्ता, ओळ 3 ते 5 | हिशेब |
| सामर्थ्य | पहिलं उत्तर ‘क’पेक्षा लवकर, मोजमाप वेगवेगळं | 14, आलेख व तळटीप | थेट |
| कमकुवतपणा | एका वापरकर्त्याला आपण महाग, आणि नव्या ग्राहकांत तेच जास्त | 11, तक्ता, ओळ 1. 4, आलेख | अनुमान |
| संधी | आपल्या ग्राहकांत इंटरनेटशिवाय बिलिंगची मागणी, ‘क’ आणि ‘ख’कडे सोय नाही | 12, मुद्दा 2. 9, ओळ 6. 20 | अनुमान |
| धोका | ‘ख’ची फुकट योजना (मार्च) एकट्याने धंदा करणाऱ्यांना ओढू शकते | 6, मुद्दा 3. 4, आलेख | अनुमान |

शेवटच्या स्तंभाबद्दल थोडं. "थेट" म्हणजे स्लाइडवर जे आहे तेच. "हिशेब" म्हणजे स्लाइडवरच्या आकड्यांवर आपण बेरीज-वजाबाकी केली. ती कुणीही पुन्हा करून बघू शकतो. "अनुमान" म्हणजे दोन किंवा जास्त स्लाइड जोडून आपण काढलेला अर्थ. अनुमान असणं वाईट नाही, स्वॉटचे कामाचे मुद्दे बहुधा अनुमानच असतात. पण ते तसं लिहिलेलं असलं की बैठकीतला प्रश्न बदलतो. "हे कुठे दिलंय?" असं न विचारता लोक विचारतात, "या दोन स्लाइडवरून हेच निघतं का?" त्यावर चर्चा करता येते. धोक्याच्या ओळीत "ओढू शकते" लिहिलंय, "ओढते आहे" नाही, कारण ग्राहक गेले असं एकही स्लाइड म्हणत नाही.

पाठवण्याआधीची तपासणी

तक्ता करणाऱ्याने स्वतःच तपासला तर त्याला स्लाइडवर जे नाही तेही दिसतं, कारण त्याच्या डोक्यात पूर्ण डेक असतो. ज्याने डेक वाचलेला नाही अशा सहकाऱ्याला बसवा. त्याला मुद्दा दाखवायचा नाही. फक्त स्लाइड आणि जागा सांगायची आणि विचारायचं, "इथे काय म्हटलंय?" त्याचं उत्तर आणि आपला मुद्दा शेजारी ठेवून बघायचे. थेट आणि हिशेबाच्या ओळी जवळपास तशाच निघायला हव्यात. अनुमानाच्या ओळीत त्याला दोन्ही स्लाइड दाखवून विचारा. तो वेगळ्याच निष्कर्षावर आला तर आपल्या वाक्यात न सांगितलेली एखादी पायरी आहे; ती लिहा, नाहीतर मुद्दा काढा.

मग उलटी मोजणी. डेकमधल्या कुठल्या स्लाइडचा तक्त्यात एकदाही उल्लेख नाही ते बघा. आपल्या उदाहरणात ‘क’ आणि ‘ग’च्या ओळखीच्या स्लाइड कुठेच आलेल्या नाहीत. ‘ग’चं कारण वर दिलंच आहे. ‘क’ची स्लाइड मात्र पुन्हा वाचायला हवी: तीत मुद्दा नाही, की तो घेताना आपल्या नजरेतून सुटला? दुसऱ्या टोकाला, एकच स्लाइड तीन-चार मुद्द्यांना लागत असेल तर ती जास्त बारकाईने तपासा. इथे स्लाइड 4 वर कमकुवतपणा आणि धोका दोन्ही टेकलेले आहेत. तिच्यातला "निम्म्याहून जास्त" हा आकडा कधीचा आणि कशावरून आहे, हे नीट माहीत नसेल तर दोन ओळी एकदम पडतात.

डेकची नवी आवृत्ती आली की पूर्ण तक्ता पुन्हा करायची गरज नाही. यादी नव्याने चिकटवा आणि `#N/A` आलेल्या ओळी वेगळ्या काढा. मग उरलेल्या प्रत्येक ओळीत "स्लाइडवरचे शब्द" नव्या स्लाइडशी ताडून बघा. शब्द तेच असतील तर ओळ तशीच ठेवा. बदलले असतील तर ती स्लाइड ज्या ज्या मुद्द्यांना लागते ते सगळे उघडा. स्लाइड 11 चे दर मार्चनंतरचे झाले, तर वरच्या तक्त्यातली पहिली ओळ आणि तिसरी ओळ दोन्ही नव्याने मोजाव्या लागतील, आणि धोक्याच्या ओळीत तेव्हा स्लाइड 11 चीही भर पडेल.